बरडाला दिलेला चुना

आमच्याकडे चुनखडीची जमीन म्हणजे शिवीच. काळ्या वावरात चुन्याचे खडे निघाले की लोक कपाळाला हात लावतात. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाच्या लाल, मुरमाड बरडाला चुना द्या, असं माती तपासणीच्या कागदावर आलं तेव्हा गाव हसलं.

वाटणीत त्याला ते दोन एकर बरडच आलं होतं. तीन हंगाम सोयाबीन टीचभर वाढून थांबलं. उपटून पाहिलं तर मुळं आखूड, जाड, टोकं तपकिरी. स्फुरदासाठी डीएपी खत कितीही टाका, फरक नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून त्याला समजावलं: आंबट मातीत ॲल्युमिनियम विरघळतं, मुळांना खुंटवतं आणि स्फुरदाला धरून ठेवतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"या साली नाई पिकलं त अक्का, मी हैदराबादले वॉचमन म्हून जातो," तो म्हणाला.

कागदावर चुनखडीच्या भुकटीचं माप होतं, याच वावराच्या मातीवरून काढलेलं. मे महिन्यातल्या एका रविवारी मी तिथं गेले, तर बांधावरच डोळे झोंबायला लागले. भुकटी मिळाली नाही म्हणून भावानं भिंतीला लावायचा विझवलेला चुना आणला होता. आमच्याकडे वावरात काहीही टाकायचं ते शेणखतात कालवून, तसा तोही कालवला होता. खतातलं नत्र अमोनिया होऊन उडून चाललं होतं. वर माप भुकटीचंच.

"थांब. इतका काऊन टाकला?"

"चुना त चुनाच न. हा तेज हाय म्हून आणला."

"तेज हाय म्हूनच कमी लागते. शंभर किलो भुकटीचं काम पाऊणशे किलोत होते. हलक्या मातीत जास्त झाला त लोह, जस्त पिकाले भेटत नाई."

त्यानं हातातली टोपली खाली ठेवली. अर्धा एकर टाकून झाला होता. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. मी माप सांगितलं, पण जिन्नस बदलला तर माप बदलतं हे सांगितलंच नव्हतं.

उरलेल्या दीड एकरात पाऊण मापानं नुसता चुना फेकला आणि नांगरून मातीत मिसळला. शेणखत मागाहून दिलं. पेरणीनंतर मी रोज फोन करायची आणि तो "पाहू" एवढंच म्हणायचा.

महिनाभरानं गेले. त्या अर्ध्या एकरात कोवळी पानं शिरांच्या मधून पिवळी पडली होती. भावानं पलीकडच्या दीड एकरातलं एक झाड मातीसकट उपटलं आणि बादलीत मुळं धुतली. लांब, पांढरी मुळं, त्यांना नत्राच्या गाठी धरलेल्या.

"आन हे पिवळं?" मी विचारलं.

"त्याले यंदा लोहाचा फवारा मारतो. पुढच्या साली थ्या तुकड्याची माती मी पुना तपासून आणतो."

पुढच्या साली, असं तो म्हणाला. मी बांधावरच बसले आणि डोळ्यांना पदर लावला.