माफ सोडून किती?

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तेर गावच्या घरात नांदायला आले तेव्हा चूल कुठली, पाण्याचा हंडा कुठला, सासऱ्यांसमोर कुठवर बोलायचं, हे सगळं त्यांनीच शिकवलं. त्यांच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी उपचारासाठी मुंबईला जायला सांगितलं, तर अक्कांनी घरी येऊन चपला काढायच्या आधीच जाहीर केलं, "मी कुठंबी जात न्हाय."

कारण कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. दावणीला चार म्हशी होत्या. त्या अक्कांनी वाढवल्या होत्या आणि आपल्या आजारापायी त्या एकेक करून बाजारात जाणार, अशी त्यांची खात्री होती. मी आठ दिवस त्यांच्या मागे लागले. मुंबईच्या दवाखान्यात सरकारी योजनेतून उपचार होतात, पैसे लागत नाहीत, हे सांगितलं. सोलापूरच्या दवाखान्यातून रेल्वेच्या सवलतीचं प्रमाणपत्र आणलं. त्यावर सही होती, शिक्का होता, रुग्णाला भाड्यात शंभर टक्के सवलत आणि सोबत्याला पंच्याहत्तर टक्के. मी तो कागद त्यांच्यासमोर धरला आणि छाती ठोकून म्हणाले, "अक्का, तुम्हाला गाडीला एक पैसा लागत न्हाय."

"एक पैसा?"

"एक पैसा न्हाय."

तेव्हा कुठं त्या उठल्या.

धाराशिवच्या स्टेशनवर आरक्षणाच्या खिडकीपाशी आम्ही दोघी गेलो. त्या बाकावर टेकल्या, मी रांगेत. डॉक्टरांनी गर्दीपासून आणि धुळीपासून जपायला सांगितलं होतं, म्हणून मी थ्री-टियर एसीचा फॉर्म भरला होता. खिडकीतल्या माणसानं प्रमाणपत्र नीट वाचलं, दोघींची नावं घातली आणि रक्कम सांगितली. माझ्या पाव भाड्याची मला कल्पना होतीच. पण हिशेब त्याहून जास्त निघत होता.

"पेशंटचं माफ आहे ना?" मी म्हटलं.

"माफच आहे की. मूळ भाडं शून्य धरलंय."

"मग?"

"रिझर्वेशनचे चाळीस, गाडी सुपरफास्ट आहे म्हणून पंचेचाळीस. आणि एसीचं तिकीट म्हणून त्यावर पाच टक्के जीएसटी. हे माणशी लागतंच, ताई. सवलत फक्त मूळ भाड्याला असते. स्लीपरनं गेलात तर टॅक्स न्हाय लागायचा, पण रिझर्वेशन आणि सुपरफास्टचे तिथंही लागतील, थोडे कमी."

म्हणजे शंभर टक्के माफ झालेल्या माणसाचे नव्वदच्या आसपास! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जागा राखून ठेवायचे वेगळे पैसे, हे एक वेळ मी समजू शकते. पण आजारी बाईनं एवढ्या लांब बसायला जागा राखायची नाही, तर काय दारात उभं राहून जायचं? आणि सुपरफास्ट! ताशी सरासरी पंचावन्न किलोमीटरच्या हिशेबानं वेळापत्रकात बसली की गाडी सुपरफास्ट होते म्हणे. मग ती वाटेत क्रॉसिंगला खोळंबली, उशिरा पोचली, तरी पंचेचाळीस रुपये घेतलेले ते घेतलेलेच. वर ज्या भाड्यावर कर बसायचा ते भाडंच माफ केलंय, तर उरलेल्या आकारांवर कर! चार रुपयांचा असेल, पण आजारपणाच्या कागदावरही कराला हात घालायला जागा सापडतेच.

हे सगळं मी त्या माणसाला मोठ्यानं ऐकवलं. तो बिचारा म्हणाला, "नियम आहे, ताई. मशीनच लावतं." रांगेतले लोक चुळबुळ करायला लागले. मी नोटा सरकवल्या, तिकीट घेतलं आणि वळले. अक्का माझ्यामागेच उभ्या होत्या.

"पैसं दिलंस."

"माझ्या तिकिटाचं दिलं, अक्का."

"म्या ऐकलंय. माझ्याबी नावचं घेतलं त्येनं." त्यांनी पदर खांद्यावर ओढला. "चल घरी."

मी समजावायला लागले. नव्वद रुपये म्हणजे काहीच नाहीत, भाडं खरंच माफ झालंय, तिकीट पक्कं आहे. त्या ऐकून घेत होत्या, पण पाय बाहेरच्या दिशेलाच.

"गावात डोळ्याचं शिबिर आलं हुतं," त्या म्हणाल्या. "फुकट म्हनले. डोळं फुकट तपासलं आन चष्म्याचं पैसं घेतलं. हितं बी तसंच. गाडी फुकट, जागंचं पैसं येगळं, जोरात पळायचं येगळं. मला कुठं घाई हाय? मुंबैचा दवाखाना बी असाच फुकट आसंल. मूळचं माफ म्हनतेल आन वरचं मागतेल. तितलं वरचं नव्वद नसतंय, बाई. तितं माझ्या म्हशी जातेत."

माझा राग आता खिडकीवरून उठून भलतीकडेच गेला. प्रमाणपत्रावर शंभर टक्के छापायचं आणि 'हे सोडून' हे शब्द खिडकीपाशी सांगायचे, या पद्धतीचा मला संताप आला. नव्वद रुपये घ्या ना, कोण नको म्हणतंय? पण आधी सांगा! एका बाईनं आठ दिवस घालवून एका शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि तुम्ही तो दोन मिनिटांत मोडलात. आणि मीही 'एक पैसा' म्हणताना कागदावर जे लिहिलं होतं तेच म्हणत होते.

पण संतापून अक्का गाडीत बसणार नव्हत्या. मुंबईच्या दवाखान्यात रुग्णांना मदत करणाऱ्या एका बाईंचा नंबर सोलापूरहून मिळाला होता. तिथंच बाकावर बसून मी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि अक्कांच्या हातात दिला. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"बाई, तुमच्याकडं फुकट म्हंजे कुठवर फुकट? माफ सोडून किती?"

पलीकडून त्या बाईंनी शांतपणे सांगितलं. ऑपरेशन, औषधोपचार, खाट, रुग्णाचं जेवण योजनेत बसेल. सोबतीच्या माणसाचं जेवण आणि राहणं बसणार नाही. राहायला धर्मशाळा आहे, पण तिथंही थोडे पैसे पडतात, आणि जागा मिळेलच असं नाही. कधी एखादी तपासणी योजनेबाहेरची निघते. ती निघाली तर आधी सांगू, तुमच्या होकाराशिवाय करणार नाही.

"म्हशी इकाव्या लागतेल का?"

"नाही, मावशी. म्हशी राहू द्या."

अक्कांनी फोन माझ्याकडे दिला. मग म्हणाल्या, "ही बाई खरी हाय. लागतंय ते लागतंय म्हनली. तिकीट जपून ठेव."

आम्ही गेलो. सुपरफास्ट गाडी दीड तास उशिरा पोचली, आणि अक्कांनी मला विचारलंच, "पंचेचाळीस परत देतेत का गं?" देत नाहीत म्हटल्यावर त्या हसल्या. मला हसू आलं नाही, अजून येत नाही.

त्यानंतर तपासणीसाठी मुंबईच्या बऱ्याच खेपा झाल्या. केस गेले, पुन्हा बारीक बारीक आले. म्हशी चारच्या चार दावणीला आहेत. परवा आरक्षणाच्या खिडकीशी आमच्या पुढे एक म्हातारी होती, तिच्या हातात तसलाच शिक्क्याचा कागद. आतून रक्कम सांगितली तशी तिनं कागद मागे ओढला आणि रांगेतून बाहेर निघाली. मी काही बोलायच्या आत अक्कांनी तिचा हात धरला.

"जाऊ नका, माय. कागद खराच हाय. त्येच्यात लिवलं न्हाय त्येवढंच हे घेतेत. घाबरायचं न्हाय." मग कनवटीला हात घालत त्यांनी विचारलं, "हायेत का तुमच्याजवळ नव्वद?"