युसूफभाईचा वाचायचा नियम

अमडापूरच्या स्टँडजवळ युसूफभाईचं डीटीपीचं दुकान आहे. त्याच्याकडची लग्नपत्रिका घरी नेल्यावर कोणालाच चूक सापडत नाही. एवढ्यावरच त्याचं नाव चाललं आहे, कारण चहा तो कोणाला पाजत नाही.

बोंडअळीचं ते वर्ष. कपाशीचं बीटी बियाणं पेरलं होतं आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी निघत होती. पंचनाम्यासाठी आमच्या गावाची त्रेसष्ट नावांची यादी तालुक्याला गेली होती. तिकडून निरोप आला की त्यात बियाण्याचा लॉट नंबर हा रकाना घालून पाच वाजेपर्यंत परत आणा. यादी टाइप केलेला ग्रामपंचायतीतला कॉम्प्युटर तोवर बसला होता. उरला होता फक्त व्हॉट्सअॅपवर आलेला तिचा फोटो. गावात बी.ए. झालेला मी एकटाच रिकामा, म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलं.

"फोटोत रकाना कसा घुसवू बे? हे अक्षरं नाही, काळे ठिपके हायेत," युसूफभाई म्हणाला. "आधी ठिपक्याइचे अक्षरं करा लागतीन."

त्यानं फोटो मोठा केला, तिरपा होता तो सरळ केला, करडेपणा काढून काळापांढरा केला. मग अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर उघडून भाषा मराठी निवडली. हिंदी ठेवली तर ळ चा ल होतो, म्हणजे अर्ध्या गावाचं बारसं नव्यानं.

मजकूर निघाला, पण कसा? जिथं ख होता तिथं र आणि व. ओळी दाटीनं होत्या, त्यामुळे खालचे उकार पुढच्या ओळीच्या रेघेत बुडाले होते. रफार उडाले होते. कडूबाचा कडबा झाला होता.

"गुरांले टाकता येईन," मी म्हणालो.

तो हसला नाही. "नाव चुकलं तं डोळ्याले टोचते. आकडा चुकला तं गुमान बसते. तिथं नीट पाय."

गट नंबरात पाचाचा प झाला होता, एकाची उभी दांडी. अनुक्रमांक तर इतके बिघडले होते की युसूफभाईनं तो रकानाच पुसला आणि आपोआप पडणारे क्रमांक लावले. तसं सगळेच करतात.

गावानं बियाणं एकाच लॉटचं घेतलं होतं, तो नंबर सगळ्या ओळींत टाकून दुरुस्ती तीन वाजता आटोपली. आता वाचन. त्याचा नियम असा की एकानं फोटोतून वाचायचं, दुसऱ्यानं टाइपात शोधायचं. पण फोटो पुसट, मी अडखळत होतो, आणि तालुक्याची माझी एस.टी. चारची.

"युसूफभाई, मी टाइपातलं वाचतो, तुम्ही फोटोत पाहा. लवकर होईन."

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. "वाच मंग."

एकेक नाव, एकेक नंबर जुळला. शेवटी क्रमांक बासष्ट आला. त्रेसष्ट यायला हवा होता हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. क्रमांक सलग होते ना.

शुक्रवारी पंचनाम्याचं पथक आलं. वच्छलाबाई शेताच्या धुऱ्यावर सकाळपासून उभ्या होत्या. नवरा गेल्यापासून तीन एकर त्याच पाहतात. पाहणी होईस्तोवर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायची नाही असं सांगितलं होतं, म्हणून त्यांची पऱ्हाटी उभी होती. यादीत नाव नाही म्हणून पथक पुढे गेलं.

संध्याकाळी मी दुकानात गेलो. युसूफभाईनं यादीचा तो फोटो पुन्हा उघडला. वच्छलाबाईंची ओळ तक्त्याच्या रेघेला इतकी चिकटली होती की शिरोरेघ आणि तक्त्याची रेघ एकच झाली होती. मशीननं सगळी ओळच आखणी समजून टाकून दिली होती.

"जे टाइपात नाही ते टाइपातून वाचून कसं सापडीन?" तो हळू म्हणाला. मला रागानं बोलला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तालुक्याला जाऊन पुरवणी अर्ज देऊन आलो. पोच मिळाली, तारीख मिळाली नाही. परतताना त्यानं गाडी वच्छलाबाईंच्या शेताकडे वळवली.

"काकू, चुकी माही हाये. मशीनची नाही."

त्यांनी पोच उलटीपालटी करून पाहिली. "ते राहू दे, बाबू. पऱ्हाटी उपटू का ठिवू, एवढं सांग."

आजूबाजूच्यांनी पऱ्हाटी काढून हरभरा पेरायला घेतला होता. शेजारचे जानराव बोलून गेले होते, तुमची अळी आमच्याकडे येते म्हणून. युसूफभाईनं एक बोंड फोडून पाहिलं. 

"मले नाही सांगता येत, काकू."

अकरा दिवस थांबून त्यांनी पऱ्हाटी उपटली. धुऱ्यालगतची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, तेवढी ठेवली, पंचनाम्याला दाखवायला. हरभरा उशिरानं पडला. त्याला पानं फुटली तरी तिथं पाहणीला कोणी आलं नव्हतं.

युसूफभाई मात्र दर शुक्रवारी दुकान बंद ठेवून, नमाजानंतर तालुक्याला पाहणीची तारीख विचारायला जातो. मी सोबत असतो.