काठीची सावली आणि सहा दिवस

पारोळ्याजवळच्या त्या गावात मुसलमानांची घरं अकरा. मशीद लहानशी, भोंगा नाही. अजान द्यायची उखर्डू पिंजाऱ्याने, नुसत्या गळ्याने. कापूस पिंजून पिंजून छातीत धूळ भरलेली, तरी आवाज पार नाल्यापलीकडे जायचा. बठ्ठ्या, अख्ख्या गावाला त्याची सवय होती. पहाटेची अजान झाली की शेजारची सुगंधाबाई म्हशीखाली बसायची.

उखर्डूचा घड्याळावर भरवसा नव्हता. मशिदीच्या अंगणात त्याने एक काठी रोवली होती. तिची सावली आखडत आखडत थांबली आणि पुन्हा लांबायला लागली, की जोहरची, दुपारच्या नमाजची वेळ. भर दुपारची ती सावली सोडून, काठीच्या दुप्पट वाढली की असर, दिवस कलतानाची नमाज. जैतुनबी त्याची बायको. ती म्हणायची, ह्या माणसाने माझ्याकडे एवढं टक लावून कधी बघितलं नाही.

ही गोष्ट सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची. धुळ्याच्या भाच्याने कुराणचा मराठी तर्जुमा, म्हणजे भाषांतर, आणून दिला. उखर्डू मराठी चौथी शिकलेला. अरबी त्याने जन्मभर वाचलं, पण अर्थ न कळता. आता चष्मा लावून ओट्यावर बसायचा, बोट ठेवून एकेक ओळ वाचायचा आणि बायकोला ऐकवायचा. जैतुनबी लसूण सोलत ऐकायची. त्या दिवसांत तो फार खुशीत होता. भाजीत मीठ जास्त पडलं तरी बोलायचा नाही.

मग एक दिवस त्याने पुस्तक मिटलं, कापडात गुंडाळलं आणि फडताळात ठेवून दिलं. जेवला अर्धी भाकर. दुसऱ्या दिवशी अजान द्यायला गेला नाही. घसा बसला म्हणाला. दुकानवाल्या रज्जाकने कशीबशी दिली.

चार-सहा दिवस असेच गेले. सुगंधाबाई कुंपणावरून म्हणाली, "भाभी, भाऊना आवाज बसी गया का? आमनी म्हैस बी वाट दखस."

जैतुनबी हसली आणि चहा टाकायला आत गेली. घसा बसलेला माणूस बकऱ्यांवर एवढ्या मोठ्याने ओरडत नाही.

तिने नवऱ्यापुढे चहा ठेवला आणि समोरच बसली. हलली नाही. शेवटी तो बोलला. मान खालीच. किताबात लिहिलंय, अल्लाहने आकाश आणि जमीन सहा दिवसांत बनवली. "दिवस कशाने होतो, जैतुन? सूर्याने. मी जन्मभर तेच बघतोय. आकाशच बनायचं होतं, तर सूर्य कुठला? सावली कुठली? सूर्य नाही तर दिवस मोजला कोणी?"

असा सवाल ज्याच्या मनात आला, त्याने लोकांना नमाजला बोलवायचं हे खोटं काम, असं त्याचं म्हणणं. जुम्म्याला, शुक्रवारी, मशिदीची किल्ली रज्जाकच्या हातात देऊन तो मोकळा होणार होता. कोणाला विचारा म्हटलं तर विचारायचीही लाज. अजान देणाऱ्या म्हाताऱ्या मुअज्जिनला शंका आली, हे गावभर होईल.

जैतुनबीने कपबशी उचलली. अजान गेली तर ह्या माणसात उरेल काय, हे तिला ठाऊक होतं. नुसता खोकला उरेल.

बुधवारी तिने डोळे चोळायला सुरुवात केली. दिसत नाही म्हणाली, धुळ्याला डाक्टरकडे न्या. उखर्डू मुकाट्याने एसटीत बसला. डाक्टरने डोळे बघून सांगितलं, बाई, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, आलोच आहोत तर मौलाना सुलेमानांकडे सलाम करून जाऊ. त्यांच्या घरच्या गाद्या उखर्डूच्याच हातच्या होत्या, त्यामुळे नाही म्हणता येईना.

मौलाना सत्तरीचे, कानाने जरा कमी. त्यांच्या बीबीने चहा दिला. उखर्डू गादीचा टाका तपासत बसला. जैतुनबीने पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "मौलानासाब, माझा एक सवाल आहे. मी अडाणी बाई, रागावू नका."

आणि नवऱ्याचा सवाल तिने स्वतःचा करून विचारला. सूर्य, सावली, सगळं. उखर्डूचा हात टाक्यावर थांबला.

मौलाना रागावले नाहीत. सवाल जुना आहे, म्हणाले, तुमच्या आधी मोठमोठ्या आलिमांनी, विद्वानांनी विचारलेला. आयतीत, कुराणातल्या त्या ओळीत, शब्द आहे 'अय्याम'. तो 'यौम' ह्या शब्दाचं अनेकवचन. यौम म्हणजे सूर्य उगवून मावळेपर्यंतचा दिवस, हे खरं. पण अरबीत यौम म्हणजे काळाचा एक पल्लाही, लहान असो की मोठा. कुराणातच बघा. सूरह हज नावाच्या अध्यायात आहे, तुझ्या रबकडचा, पालनकर्त्याकडचा एक दिवस तुम्ही मोजता त्या हजार वर्षांसारखा. सूरह मआरिजमध्ये एका दिवसाचं माप पन्नास हजार वर्षं सांगितलंय. शब्द तोच, यौम.

"मग हे सहा दिवस केवढाले?" जैतुनबीने विचारलं.

मौलाना म्हणाले, ह्यात आलिमांचं एकमत नाही. पुष्कळ जुने म्हणतात, आपल्यासारखेच दिवस, इतवार ते जुम्मा. सूर्य नसला तरी तेवढा वेळ, असं ते समजावतात. काही म्हणतात, एकेक दिवस हजार वर्षांचा. आताचे बरेच जण म्हणतात, सहा लांब पल्ले, किती लांब ते त्यालाच माहीत. कोणी काही धरलं तरी ईमान जात नाही. बनवणारा तो, हे धरलं म्हणजे झालं.

उखर्डूने मान वर केली. आवाज खरोखरच बसलेला निघाला. "आणि ते आठ?"

"कोणते आठ?"

आता जैतुनबीलाही नवीन होतं. दुसऱ्या एका सूरहमध्ये त्याने बेरीज केली होती. जमीन दोन दिवसांत, डोंगर आणि सगळ्यांचं अन्नपाणी चार दिवसांत, आकाश दोन दिवसांत. झाले आठ. हा काटा त्याने बायकोलाही दाखवला नव्हता.

मौलाना खो खो हसले. "उखर्डूभाई, धुळ्याहून एसटी पारोळ्याला एका तासात पोचते आणि एरंडोलला दोन तासांत. मग एरंडोलला किती तास लागले? तीन?"

"दोनच. पारोळ्याचा तास त्यातच आला."

"तसंच जमिनीचे दोन त्या चारांतच आले. चार आणि आकाशाचे दोन, झाले सहा."

उखर्डू बोटांवर पुन्हा पुन्हा मोजत राहिला. मग हळूच म्हणाला, अल्लाह 'हो' म्हणाला की होतं, मग सहा तरी कशाला? मौलाना म्हणाले, बुजुर्ग सांगतात, आपल्याला शिकवायला, की काम सावकाश, निगुतीने करावं. नाहीतर थकवा त्याला शिवला नाही, हे सूरह काफमध्ये साफ लिहिलंय. जैतुनबीच्या मनात आलं, हा धडा आमच्याकडे नको होता, दिवाळीची गादी होळीला देणारा माणूस आहे हा.

निघताना मौलाना तिच्याकडे वळले. "बीबी, सवाल तुमचाच होता ना?"

"माझाच," ती म्हणाली.

"मग मनात ठेवू नका. इब्राहीम पैगंबरांनीसुद्धा विचारलं होतं, या रब, मेलेल्याला जिवंत कसं करतोस ते दाखव. अल्लाहने विचारलं, तुझा विश्वास नाही का? ते म्हणाले, आहे, पण माझ्या जिवाला करार पडावा, शांत वाटावं म्हणून."

एसटीत उखर्डू खिडकीशी बसला होता. मुकटीच्या पुढे गेल्यावर म्हणाला, "तुझे डोळे बरे आहेत."

"हो, तसे बरेच आहेत."

"लबाड आहेस," तो म्हणाला, आणि तिच्या हातातली पिशवी आपल्या मांडीवर घेतली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पिशवी त्याने पहिल्यांदा घेतली.

गावच्या फाट्यावर उतरले तेव्हा सूर्य बाभळींना टेकला होता. उखर्डूने एकदा पश्चिमेकडे बघितलं, पिशवी पुन्हा बायकोच्या हातात कोंबली आणि धोतराचा सोगा धरून तरातरा निघाला. चला म्हणाला नाही, येतो म्हणाला नाही. जैतुनबी मागून आपल्या चालीने चालत राहिली.

ती नाल्यापाशी पोचली तेव्हा मगरिबची, सांजेची अजान सुरू झाली. पहिल्या शब्दाला आवाज चिरकला, मग सावरला. तिने पिशवी खाली ठेवली, पदर डोक्यावर नीट घेतला आणि अजान संपेपर्यंत वाटेतच उभी राहिली.