गोदामातली गेरूची रेघ

आमच्या मेहकर तालुक्यातल्या गावात बायांच्या बचत गटाचं पशुखाद्याचं गोदाम आहे, आणि त्याची किल्ली पहिल्यापासून माझ्याकडे आहे. मी सातवी शिकलेली. हिशोब म्हणाल तर बोटांवर, नाहीतर भिंतीवर. तरी ती किल्ली माझ्याकडेच राहिली, ती कशी राहिली तेच सांगते.

गायीला खाद्य एकाएकी बदलून चालत नाही, हे ज्याच्या घरी गाय आहे त्याला सांगावं लागत नाही. आज पोत्यातली पेंड आणि उद्या भलतंच काही टाकलं की पोट बिघडतं, दूध उतरतं, आणि उतरलेलं दूध लवकर चढत नाही. म्हणून आमच्या बाया गोदामावर भरवसा ठेवून होत्या. आणि त्याच गोदामात एका मोसमात दोनदा खाद्य संपलं.

दुसऱ्या वेळी बाया रिकामी पोती हातात घेऊन दारात उभ्या. एक म्हणाली, "काकू, गायीले काय सांगू आता? गाडी येऊन राह्यली म्हणून थांब म्हणू?" बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये अध्यक्षबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काकू, आता अजून एकदा जरी असं झालं ना, तर किल्ली दुसऱ्या कोणाच्या हाती द्या लागीन. बाया पुन्हा बाजारातल्या दुकानी चालल्या." माझ्यापेक्षा वयानं लहान, पण बोलल्या ते खरं होतं.

माझी चूक काय होती? आमच्याकडे दिवसाला सरासरी बारा पोती उठतात. गाडी येते जळगावकडून, आणि कारखान्याचा माणूस फोनवर नेहमी म्हणायचा, "पाच दिवसांत गाडी दारात, काकू." मी बारा पंचे साठ केले, आणि साठ पोती उरली की फोन लावायची. किती हुशार वाटायचं मला! पाच दिवसांत गाडी आली की बरोबर शेवटचं पोतं उठायचं. पण सहाव्या दिवशी आली तर?

घरी येऊन भिंतीवरचं कॅलेंडर पाहत बसले. आपल्याकडे दूध कमी आलं की त्या तारखेवर फुली मारतात, तशा फुल्या होत्याच. पण मला आणखी एक सवय होती. कारखान्याला फोन केला त्या दिवशी टिंब द्यायचं. का, तर तो माणूस म्हणायचा, "काकू, तुमी तर कालच फोन केला." त्याच्याशी भांडायला पुरावा म्हणून ती टिंबं! आणि गाडी आलेल्या तारखा गोदामाच्या वहीत लिहिलेल्या. सुनेला म्हटलं, "वहीतले दिवस सांग वं, मी टिंबापासून मोजते."

एकेक मोजलं. चार दिवस. तीन. सात. पाच. नऊ! पुन्हा तीन, मग चार. सगळे मिळून पस्तीस, सात गाड्या, म्हणजे सरासरी पाचच. तो माणूस काही साफ खोटं बोलत नव्हता. पण सरासरी पाच म्हणजे दर वेळी पाच नाही. मी जेमतेम पाच दिवसांची पोती ठेवत होते आणि नऊ दिवसांची गाडी रिकाम्या गोदामात उतरून घेत होते.

दुसऱ्या दिवशी त्याला फोन लावला. "खरं सांग बापा, नऊ दिवस काऊन लागतात?"

"काकू, गाडी पूर्ण भरल्याशिवाय निघत नाही न. तुमच्या गावासंगं आणखी दोन गावचा माल लागते. मग रस्त्यानं पुलाचं काम, कधी डायवर सणाले घरी."

"मंग तू पाच दिवस कुठून मोजतो?"

"गाडी टायमावर भरली असं धरून!"

घ्या. त्याचे पाच दिवस म्हणजे सगळं जुळून आलं तरचे. हे समजल्यावर राग गेला माझा. पूल माझ्या हातात नाही, डायवरचा सण माझ्या हातात नाही. पण फोन कधी लावायचा ते माझ्याच हातात आहे.

मग नवा हिशोब केला. गाडीला जास्तीत जास्त नऊ दिवस लागले आहेत, आणि थंडीत दिवसाला पंधरापर्यंत पोती उठली आहेत. नऊ पंधरे एकशे पस्तीस. म्हणजे साठ पोती नेहमीच्या वाटेसाठी आणि वरची पंच्याहत्तर वाट लांबली तर. ती पंच्याहत्तर खायची नाहीत असं नाही, पण गाडी वेळेवर आली तर ती उरलीच पाहिजेत. एकशे पस्तीस पोत्यांची थप्पी लावून बघितली आणि तिच्या उंचीला भिंतीवर गेरूची रेघ ओढली. थप्पी रेघेखाली गेली की फोन लावायचा. आणि एकदा फोन लावला की गाडी येईस्तोवर दुसरा लावायचा नाही, थप्पी कितीही खाली जावो, नाहीतर दोन गाड्या दारात.

अध्यक्षबाई बघायला आल्या. "काकू, येवढी पोती बुरशीले घालता का?"

"बुरशी कशी लागते वं? एका गाडीत दीडशे येतात. गोदाम जास्तीत जास्त भरलं तरी बाराच्या हिशोबानं तीन आठवड्यांत सारं उठते. फक्त जुनं पोतं आधी काढा लागते, नवं मागून लावा लागते. ते काम माझं."

त्या रेघेकडे बघत राहिल्या. "बघू," म्हणाल्या.

बघायची वेळ पुढच्याच थंडीत आली. थप्पी रेघेला टेकली त्याच दिवशी मी फोन केला, टिंब दिलं. पाच दिवस गेले, सात गेले. घाटात रस्ता बंद. नऊ झाले, गाडी नाही. या सगळ्या दिवसांत रोज तेरा पोती उठत होती. मी दर सकाळी थप्पी मोजायची आणि कोणाला आकडा सांगायची नाही. नवव्या संध्याकाळी अठरा उरली होती. अध्यक्षबाई स्वतः आल्या आणि थप्पी मोजून गेल्या. माझ्या रेघेतले नऊ दिवस संपले होते.

दहाव्या दिवशी बायांनी तेरा पोती नेली. पाच उरली. दुपारी गाडी आली.

त्या दिवशी एकाही घरच्या कॅलेंडरवर फुली पडली नाही. गाडी नऊच्या पुढे गेली होती, तरी पुरलं, कारण दिवसाला पंधरा पोती काही लागली नव्हती. पण मी त्यावर खूश होऊन बसले नाही. गाडी उतरली तशी गेरू भिजवला आणि रेघ दीडशेवर नेली. दहा पंधरे.

अध्यक्षबाई जवळच उभ्या होत्या. म्हणाल्या, "काकू, आता किल्लीचं कोणी बोलणार नाही. पण ही रेघ मले शिकवा. तुमाले गावाले जायचं असलं तर थप्पी कोण पाहील?"

यंदा पिंपळगाव राजाकडच्या एका गटाच्या बाया आमचं गोदाम बघायला आल्या. एकीनं भिंतीचा फोटो काढला आणि विचारलं, "मावशी, आमीबी दीडशेवर रेघ मारू का?"

म्हटलं, "नको वं माय. तुमच्या गायी वेगळ्या, तुमची गाडी वेगळ्या रस्त्यानं येते. आधी टिंबं द्या, मग गाडीचे दिवस मोजा. रेघ मंग मारजा."

त्या बाया माझ्यासमोर वही उघडून लिहून घेत होत्या. सातवी शिकलेल्या बाईचं बोलणं कोणी लिहून घेतं, हे बघायला माझी सून मुद्दाम कामं टाकून आली होती.