डाव्या गालावरचा तीळ

सेनगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. एकदा पुसेगावची एक म्हातारी लेकासोबत आली. वारलेल्या नवऱ्याचा एकच फोटो उरला होता. त्याला तिचा फोटो जोडून एका चौकटीत जोडपं बसवायचं होतं. बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला बसते, म्हणून जागांची अदलाबदल करता येत नव्हती. पण म्हाताऱ्याची नजर नेमकी दुसऱ्या बाजूला होती. मी कॉम्प्युटरवर त्याचा चेहरा डावा-उजवा उलटवला. नजर लगेच बायकोकडं वळली. मला माझंच कौतुक वाटलं.

म्हातारीनं प्रिंट डोळ्यांजवळ धरली.

"हे आमचे मालक न्हाईत. तीळ डाव्या गालावर होता, तुमी उजव्या गालावर नेला. भांगबी उलटा."

"कोणाला कळून राहिलं, आई?" लेक म्हणाला.

"मला कळून राहिलं."

मी चिडलो, पण तिचं बराबर होतं. चेहरा होता तसा केला आणि जरा फणकाऱ्यानंच म्हणालो, "आता ते तुमच्याकडं बघणार न्हाईत, आजी."

"जिते होते तवा तरी कुठं बघत होते?" ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या तसेच."