सतरा पेटंटं आणि एक उशिरा पोचलेलं पत्र

संग्रहालयात तिला सगळे खात्रीताई म्हणत. कुणी काहीही सांगितलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "खात्री केलीत?" घरी भाऊ चिडवायचा, "हिला जन्मतारीख विचारली तरी आधी दाखला शोधेल." यावर वहिनी हसायची आणि खात्रीताईही. कामाच्या टेबलावर मात्र तिला कधी हसू फुटायचं नाही. कुठलंही यंत्र दालनात मांडण्याआधी, ते ज्याच्या नावावर सांगितलं जातं त्याच्याच नावावर आहे का, हे पेटंट कार्यालयाच्या नोंदींशी ताडून पाहायचं, हे काम ती सव्वीस वर्षं करत होती.

त्या वर्षी एका दिवंगत कारागिराचं दालन व्हायचं होतं. त्याची मुलगी, शाळेत गणित शिकवणारी, यादी घेऊन आली. टंकलेल्या कागदावर सतरा क्रमांक होते, आणि सर्वांत वर गुडघ्यात वाकणारा कृत्रिम पाय.

"बाबांची सतरा पेटंटं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "यादी त्यांनीच केलेली. मी फक्त टंकली."

खात्रीताईने एकेक क्रमांक तपासायला घेतला. दुसऱ्याच दिवशी तिच्या मनात पाल चुकचुकली. यादीतले दहा क्रमांक मंजुरीचे नव्हते, नुसत्या अर्जांचे होते. तपासनिसाने हरकती काढल्या, उत्तर गेलं नाही, अर्ज निकाली निघाले. दोन नोंदी म्हणजे यादीतलाच एक शोध दोन परदेशांत पुन्हा नोंदवलेला. एक पेटंट कापड रंगवण्याच्या रसायनाचं होतं. नाव तेच, पण पत्ता वेगळ्या शहरातला, माणूसही वेगळाच. मंजूर म्हणावीत अशी तीनच उरली: एक झडप, एक पकड, एक बिजागरी.

आणि तो पाय? तो मंजूर झालेला होता. पण शोधकाच्या रकान्यात, कारागीर ज्या कारखान्यात कामाला होता त्याच्या मालकाचं नाव होतं. कारागिराचं नाव कुठेच नव्हतं.

यादीवर रेघ मारून ती मोकळी होऊ शकली असती, पण हात धजेना. तिने त्या पेटंटची मूळ फाइल मागवली. जुन्या आराखड्यांच्या मागे, गंजलेल्या टाचणीला चिकटलेलं एक पत्र निघालं. अक्षर कारागिराचं. 'हा सांधा मी रचला आहे. शोधक म्हणून माझं नाव नोंदवावं. पत्नीच्या आजारपणात विनंती पाठवायला उशीर झाला, क्षमस्व.' पत्रावर शिक्का होता: मंजुरीनंतर मिळाले, विचार करता येत नाही.

नावाची विनंती मंजुरीच्या आधीच यावी लागते. पत्र एकोणीस दिवस उशिरा आलं होतं.

मास्तरीणबाईंना बोलावून तिने यादी पुढ्यात ठेवली. एकेका क्रमांकापुढे काय सापडलं, ते लिहिलेलं होतं.

"म्हणजे बाबा खोटं बोलले?" मास्तरीणबाईंचा आवाज चढला. "रसायनाचं पेटंट? बाबांना कपड्याला नीळसुद्धा धड देता येत नसे!"

"बहुतेक त्यांनी नुसत्या नावावरून यादीत घेतलं असेल."

"आणि पायाचं तर त्यांचंच होतं ना! मी लहानपणी पाहिलंय, ओट्यावर बसून लाकडाचा गुडघा घासत बसायचे."

"मी तुमच्यावर विश्वास ठेवते," खात्रीताई म्हणाली. "पण ते नोंदीत नाही. पेटंटची मुदतही केव्हाच संपलीय. आता ते नाव बदलेल असं मला वाटत नाही."

मग तिने पत्र पुढे केलं. मास्तरीणबाईंनी तारीख वाचली.

"याच महिन्यात आई गेली," त्या म्हणाल्या. "बाबा रोज तिच्या उशाशी असायचे. तेव्हा काही पाठवायचंय, असं कधी म्हणालेच नाहीत. नंतर मात्र दरवर्षी एक नवा अर्ज ठोकायचे. आम्ही वैतागायचो."

त्यांनी पेन घेऊन यादीतले तेरा क्रमांक स्वतःच खोडले. पायाच्या क्रमांकावर पेन थांबलं. तो खात्रीताईने खोडला.

तिने संचालकांना लिहून दिलं: तीन पेटंटं मंजूर. कृत्रिम पायाचं पेटंट मालकाच्या नावे. कारागिराने शोधक म्हणून नाव नोंदवण्याची विनंती केली होती, ती मुदतीनंतर पोचल्याने फेटाळली गेली.

संचालकांनी वाचून मान हलवली. "वादाचं प्रकरण दालनात नको. पाय काढून टाका, झडप पुढे घ्या."

"पत्र तरी लावू या. त्यात वाद कसला? ते फाइलीतच आहे."

"लोक यंत्र पाहायला येतात, ताई. पत्रं वाचायला नाही."

खात्रीताईने आणखी एकदा सांगून पाहिलं, मग दालनाच्या मांडणीतून पाय काढला. त्या दिवशी घरी तिने जेवणाचं ताट तसंच सारलं. भावाने कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "नोंद बरोबर आहे रे. तोच त्रास आहे."

दालन उघडलं तेव्हा काचेमागे झडप, पकड आणि बिजागरी होती. मास्तरीणबाई आल्या, पाटी वाचली, पाच मिनिटांत परत निघाल्या. पत्राची छायाप्रत त्यांनी खात्रीताईकडून आधीच नेली होती, आणि ती कुठे ठेवली हे खात्रीताईने कधी विचारलं नाही.