ऋण पदं विसरलेला प्रश्न

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी गणित शिकवते. स्वभाव तापट आहे, हे माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यातच कळतं. पण त्या दिवशी स्टाफरूममध्ये मला राग आला नाही.

समोर शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी उभी होती. हुपरीची. घरात चांदीच्या पैंजणांचं काम, त्यामुळे बोटांच्या टोकांना कायम काळपट झाक. वर्गात ती फारशी बोलायची नाही, पण विचारलेल्या प्रश्नापेक्षा न विचारलेल्याकडे तिचं लक्ष जास्त. ती गणिती विश्लेषणाच्या पेपरात नापास झाली होती. निकाल बघून मी म्हटलं होतं, काहीतरी घोटाळा आहे, उत्तरपत्रिकेची छायाप्रत माग. ती छायाप्रत तिनं माझ्यापुढं ठेवली. एका मोठ्या प्रश्नाच्या उत्तरावर आडवी तिडवी फुली होती आणि बाजूला शून्य.

प्रश्न असा होता: एखादी अनंत श्रेणी अभिसारी असेल, तर तिच्या पदांच्या वर्गांची श्रेणीही अभिसारी असते, हे सिद्ध करा. अभिसारी म्हणजे पदं एकामागून एक मिळवत गेलं की बेरीज एका ठरावीक संख्येवर येऊन स्थिरावणारी. बाकीच्या बहुतेकांनी ते सिद्ध केलं होतं आणि गुण घेतले होते. हिनं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, हे विधान खोटं आहे.

खाली तिनं उदाहरण दिलं होतं. एक भागिले वर्गमूळ एक, एक भागिले वर्गमूळ दोन, एक भागिले वर्गमूळ तीन अशी पदं घ्यायची, आणि चिन्हं आळीपाळीनं अधिक, वजा, अधिक, वजा. एक पाऊल पुढं, एक मागं, आणि दर पाऊल आधीच्यापेक्षा लहान, शून्याकडे जाणारं. असं चालणारा माणूस कुठंतरी थांबणारच, म्हणून ही श्रेणी अभिसारी. आता प्रत्येक पदाचा वर्ग करा. वजा चिन्ह गेलं, वर्गमूळ गेलं. उरलं एक, एक द्वितीयांश, एक तृतीयांश, एक चतुर्थांश. ही बेरीज कुठंच थांबत नाही; कितीही मोठी संख्या सांगा, ती सावकाश का होईना तिच्या पुढं जाते. विषय संपला. उत्तर पानभरही नव्हतं, आणि त्यात काढायला चूक नव्हती.

"मी चुकलोय कुठं, तेवढं दावा मॅडम," ती म्हणाली. "घरात सांगायचं तर कारण पायजे की."

मला तिला दाखवण्यासारखं काहीच सापडलं नाही. एमएस्सीचे प्रवेश सुरू होते. हा पेपर राहिला तर तिचं वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं की घरातले तिला मांडीवर पैंजण घेऊन बसवणार, हे तिनं मला आधीच सांगितलं होतं.

मी छायाप्रत उचलली आणि आमच्या विभागप्रमुखांकडे गेले. हे माझे स्वतःचे शिक्षक. श्रेणी म्हणजे काय हे मी त्यांच्याकडूनच शिकले. मला वाटलं होतं, सर बघतील, तपासणाऱ्याच्या नावानं दोन शिव्या हासडतील आणि पुढचा रस्ता सांगतील.

सरांनी प्रश्न वाचला, मग उत्तर वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हा प्रश्न माझा हाय," ते म्हणाले. "नमुना उत्तर बी मीच दिलंय."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

मग त्यांनी चूक कशी झाली ते स्वतःच सांगितलं. आम्ही सगळे ज्या पुस्तकातून शिकवतो, त्यातल्या एका प्रकरणात सरावाला अशी उदाहरणं आहेत, हा प्रश्नही त्यांतलाच. त्या प्रकरणाच्या सुरुवातीला एकदाच म्हटलंय, की इथं सगळी पदं धन समजावीत. पुढं प्रत्येक उदाहरणात ते पुन्हा लिहिलेलं नाही. सरांनी उदाहरण तेवढं उचललं, अट मागंच राहिली. पदं धन असतील तर विधान खरंच आहे: पदं शून्याकडे जातात, म्हणजे कधी ना कधी सगळी एकापेक्षा लहान होतात, आणि अशा धन संख्येचा वर्ग तिच्यापेक्षा लहानच असतो. मूळ श्रेणी आवरली, तर वर्गांचीही आवरते. पण उणे अर्ध्याचा वर्ग पाव होतो, तो उणे अर्ध्यापेक्षा मोठा. तिथंच ती सिद्धता कोसळते. आणि ज्यांनी ज्यांनी ती लिहिली, त्यांच्यापैकी कुणालाही शंका आली नाही. तपासणाऱ्यांनाही नाही. नमुना उत्तर समोर ठेवून तपासायचं, त्याच्याबाहेर काही दिसलं की शून्य, ही आमची पद्धत. पद्धतीत डोकं वापरायची सोय नाही.

सरांचं एक सांगितलं पाहिजे. त्यांनी टाळाटाळ केली नाही. माझ्यासमोर विद्यापीठाला लिहायला घेतलं: प्रश्न सदोष आहे, चूक माझी आहे, आणि या विद्यार्थिनीचं उत्तर पूर्ण बरोबर आहे. इतक्या वर्षांची नोकरी झालेला माणूस असं लिहितो, हे बघून मला भरून आलं.

निर्णय लवकर आला, प्रवेश बंद व्हायच्या आत. मुलगी पास झाली. मी आनंदानं पेढे मागवले, स्टाफरूममध्ये तिला बसवलं. ती पेढा हातात धरूनच बसली होती.

"मॅडम, गुण मला बरोबर हाय म्हणून दिल्यात, का सगळ्यास्नी दिल्यात?"

निर्णय मी वाचलेला होता, पण पासच्या पुढं माझं लक्षच गेलं नव्हतं. आता नीट वाचला. सदर प्रश्न रद्द करण्यात येत आहे, परीक्षेला बसलेल्या सर्वांना त्याचे पूर्ण गुण देण्यात यावेत. ज्यांनी खोटं विधान खरं म्हणून सिद्ध केलं त्यांना पूर्ण. ज्यांनी पान कोरं सोडलं त्यांनाही पूर्ण. विधान खरं की खोटं, त्याबद्दल एक अक्षर नाही. सरांनी तिच्याबद्दल लिहिलेल्या वाक्याला कुणी हातही लावला नव्हता.

मी तिला म्हटलं, जाऊ दे, प्रवेश मिळाला ना. तिनं मान हलवली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जाऊन उभी राहिली, आणि तिला एकटीला कसं सोडायचं म्हणून मीही गेले. तिचं म्हणणं एवढंच होतं, की गुण वाढवू नका, नुसतं शून्य खोडून उत्तर बरोबर आहे असं लिहून द्या.

खिडकीतल्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं. तो उद्धट नव्हता. त्यानं कॉम्प्युटरवर तिचा पेपर काढला, वरून खाली पाहिला आणि म्हणाला, "ताई, त्यो प्रश्न आता पेपरातच न्हाय. मग उत्तर बरोबर म्हणून कशाचं लिवायचं?"

एरवी मी भांडले असते. तर्कात त्याचं काहीच चुकत नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती, मी आता काहीतरी सांगेन म्हणून.